एकाच बोल्टचे चार कोड

खण मालानं भरलेला आहे, हात घातला की बोल्ट हाताला लागतात, आणि कॉम्प्युटर मात्र सांगतो की शिल्लक वजा 2,150 नग. हार्डवेअरच्या दुकानात नवं सॉफ्टवेअर घेण्याचा विचार बहुतेक वेळा असल्याच एखाद्या आकड्यामुळे सुरू होतो. खापर जुन्या सॉफ्टवेअरवर फुटतं. पण त्यानं हिशेब चोख केलेला असतो. घोळ असतो आयटम मास्टरमध्ये, म्हणजे दुकानातल्या प्रत्येक वस्तूचा कोड, नाव, मोजण्याचं युनिट, एचएसएन नंबर, कराचा दर आणि भाव ज्या यादीत असतो त्या यादीत. ती यादी तशीच उचलून नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, तर मायनस स्टॉकही तसाच तिकडे जातो, फक्त जास्त चकचकीत स्क्रीनवर दिसतो.

हा घोळ होतो कसा, ते आधी पाहू. दुकानात आयटम तयार करणारे हात दोन असतात. खरेदीचं बिल चढवणारा माणूस कंपनीच्या बिलावर जे नाव आहे तेच टाइप करतो. काउंटरवरचा माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडचं नाव टाइप करतो. बिल करताना शोधून नाव सापडलं नाही, समोर रांग लागलेली असली, की नवा कोड उघडायला त्याला अर्धं मिनिटही लागत नाही. मग माल एका कोडवर येतो आणि दुसऱ्या कोडवरून जातो. एकावर शिल्लक फुगत राहते, दुसऱ्यावर वजा होत राहते.

म्हणून डुप्लिकेट शोधायची सुरुवात मी नावांपासून करत नाही. आधी दोन याद्या काढायच्या: ज्या कोडवर फक्त विक्री आहे त्यांची एक, आणि ज्यांवर फक्त खरेदी आहे त्यांची दुसरी. त्या शेजारी ठेवल्या की निम्म्या जोड्या आपोआप समोर येतात. नावं एकमेकांशी अजिबात जुळत नसली तरी येतात, कारण इथे पुरावा स्पेलिंगचा नसतो, मालाच्या ये-जा करण्याचा असतो.

त्याही आधी मेलेले कोड बाजूला काढावेत. दोन वर्षांत ज्यांची आवक नाही, जावक नाही आणि शिल्लक शून्य आहे, ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचेच नाहीत. दोन वर्षं एवढ्यासाठी, की ताडपत्री किंवा पंपाचे काही भाग हंगामातच विकले जातात आणि एखादा हंगाम कोरडाही जातो. जे न्यायचं नाही ते साफ करण्यात दिवस घालवू नयेत.

उरलेली यादी एक्सेलमध्ये येते. इथे एक इशारा द्यायलाच हवा. यादी नुसती डबल क्लिक करून उघडली तर एक्सेल स्वतःच्या बुद्धीनं बदल करतं. `00125` हा कोड `125` होतो. `10-12` अशा कोडची तारीख होते. तेरा आकडी बारकोड `8.90E+12` असा दिसू लागतो, आणि फाइल पुन्हा सीएसव्हीमध्ये साठवली की मूळ आकडे कायमचे जातात. म्हणून फाइल इम्पोर्ट करताना कोडचा रकाना `Text` करून घ्यायचा, आणि मूळ कोड व मूळ नाव या दोन रकान्यांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. सफाई शेजारच्या नव्या रकान्यात करायची.

पहिली सफाई यांत्रिक असते. सगळी अक्षरं मोठी करायची, जादा स्पेस काढायच्या, आणि मापातलं गुणिलेचं चिन्ह एकसारखं करायचं:

```
=SUBSTITUTE(TRIM(SUBSTITUTE(UPPER(A2),CHAR(160)," ")),"*","X")
```

यातला `CHAR(160)` म्हणजे डोळ्यांना स्पेससारखी दिसणारी, पण `TRIM` ला न सापडणारी एक खूण. पुरवठादाराच्या मेलमधून नाव कॉपी केलं की ती सोबत येते. तारांकन त्याहून घातक आहे. `10*50` असं लिहिलेलं नाव `COUNTIF` मध्ये घातलं, तर तारांकनाचा अर्थ ‘मधे काहीही चालेल’ असा घेतला जातो आणि `10X150` सुद्धा डुप्लिकेट म्हणून मोजला जातो. शोधा-आणि-बदला वापरून नुसतं `*` बदलायला गेलात तर निवडलेल्या प्रत्येक सेलमधला अख्खा मजकूर बदलतो. तिथे `~*` असं लिहावं लागतं. वरच्या सूत्रातलं `SUBSTITUTE` मात्र तारांकनाला साधं अक्षरच समजतं, म्हणून ते सुरक्षित आहे.

एवढं झालं की पुढचं काम यंत्राचं राहत नाही. वरच्या वजा 2,150 चाच मासला घेऊ. यांत्रिक सफाईनंतर यादीत चार ओळी जवळजवळ आल्या. पहिली `BOLT M10X50`, युनिट `Nos`, शिल्लक वजा 2,150. दुसरी `HEX BOLT 10X50`, युनिट `Kgs`, शिल्लक 96. तिसरी `M 10 X 50 HEX BOLT HT`, युनिट `Nos`, शिल्लक 310. चौथी `NUT BOLT 10X50`, युनिट `Set`, शिल्लक वजा 60. कारकुनाला टेबलावर बसून हे चारही एकच वाटतील, आणि तो ते एकत्र करून मोकळा होईल.

खणापाशी जाऊन पाहिलं की चित्र वेगळं दिसतं. तिसऱ्या कोडच्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा ठोकलेला आहे. तो हाय टेन्साइल बोल्ट. साध्या बोल्टपेक्षा त्याची ताकद बरीच जास्त, भावही जास्त. तो एकत्र केला तर एक दिवस मशीनच्या फाउंडेशनसाठी आलेल्या माणसाच्या हातात साधा बोल्ट पडेल. हा कोड वेगळाच ठेवायचा. चौथा कोड म्हणजे स्वतंत्र वस्तूच नाही. एक बोल्ट आणि एक नट मिळून तो सेट होतो, आणि विकला की दोन्ही वस्तूंचा साठा एकेकानं घटायला हवा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो जोडवस्तू म्हणून बसवायचा. उरले पहिले दोन. ते मात्र खरोखर एकच आहेत: कंपनी किलोनं पाठवते, दुकान नगानं विकतं.

आता किलोचे नग करायचे. तक्त्यातला आकडा घेण्यापेक्षा त्याच खणातले 100 बोल्ट मोजून काट्यावर ठेवावेत. वजन 4 किलो भरलं, म्हणजे किलोला 25 नग. 96 किलोचे 2,400 झाले. त्यातून 2,150 गेले, राहिले 250. सेटमध्ये गेलेले 60 वजा केले की 190. खणातले बोल्ट प्रत्यक्ष मोजले तर 178 निघाले. तफावत 12 नगांची. 2,400 नगांच्या हिशेबात ती काहीच नाही, कारण एका कंपनीचा बोल्ट दुसऱ्या कंपनीच्या बोल्टपेक्षा दोन टक्क्यांनी जड निघाला तरी 48 नगांचा फरक पडतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीची शिल्लक 178 हीच टाकायची. हिशेबाचा 190 फक्त एवढंच सांगतो, की आपण योग्य कोड एकत्र केले. तिथे 1,400 आले असते, तर एखादा पाचवा कोड अजून कुठेतरी दडलेला आहे असं समजायचं.

एकत्र करायचं की नाही, हे ठरवताना मी काउंटरवरच्या जुन्या माणसाला एकच प्रश्न विचारतो: गिऱ्हाइकानं हे मागितलं आणि तुम्ही ते दिलं, तर तो तक्रार न करता घेऊन जाईल का? ‘डोळे झाकून’ असं उत्तर आलं तर कोड एक. ‘कंपनी विचारेल’ असं आलं तर ब्रँडप्रमाणे वेगळे. हे उत्तर अकाउंटंटकडे नसतं. उदाहरणार्थ, `3 SUT BOLT` या नावाचा खरा अर्थ दुकानातल्या माणसालाच ठाऊक असतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सूत म्हणजे 9.525 मिलिमीटर. पण बोलताना कित्येक जण एम-10 लाही सरळ तीन सूत म्हणतात. दोन्ही बोल्ट शेजारी ठेवले तरी चटकन फरक कळत नाही. एम-10 च्या बोल्टवर तीन सुताचा नट चढवून पाहावा, तो चढतच नाही. अशा नावाचे कोड नट हातात घेऊनच सोडवायचे.

युनिटमधली चूक नावातल्या चुकीपेक्षा महाग पडते, कारण ती थेट बिलात उतरते. ती ओळखायची सोपी खूण म्हणजे दर. घरगुती वायरिंगच्या तारेची कॉइल सहसा 90 मीटरची असते. यादीत ‘शिल्लक 3’ एवढंच दिसलं तर ती कॉइल की मीटर, ते खरेदीच्या दराशेजारी ठेवलं की उघड होतं. एकाच तारेच्या दोन कोडांच्या दरांत सुमारे नव्वद पट फरक असेल, तर दर नव्हे, युनिट वेगळं आहे.

मूळ युनिट म्हणून ज्या सर्वांत लहान मापात आपण विकतो तेच निवडावं. बोल्टला नग, तारेला मीटर. किलो आणि कॉइल ही पर्यायी युनिटं, रूपांतराचा आकडा सोबत देऊन. `Box` मूळ युनिट कधीच करू नये, कारण एका कंपनीच्या बॉक्समध्ये 500 स्क्रू असतात तर दुसरीच्या बॉक्समध्ये 1,000. हा निर्णय इम्पोर्टच्या आधीच पक्का हवा, कारण एकदा का वस्तूवर पहिलं बिल झालं, की बहुतेक सॉफ्टवेअर मूळ युनिट बदलू देत नाहीत.

नावाची रचनाही याच वेळी ठरवून टाकावी: आधी वस्तू, मग प्रकार, माप, ग्रेड, फिनिश. `BOLT HEX M10X50 8.8 ZINC` असं. काउंटरवर `BOLT` एवढं टाइप केलं की सगळे बोल्ट एकाखाली एक येतात, आणि ‘सापडलं नाही’ म्हणून नवा कोड उघडायचं कारण उरत नाही. काउंटरची बोली मात्र टाकून द्यायची नाही. तीन सूत, एचटी बोल्ट ही नावं टोपणनावांच्या रकान्यात जातात, तिथूनही शोध लागतो.

या सगळ्यातून जुना कोड ते नवा कोड अशी एक यादी तयार होते. कित्येक जुने कोड एकाच नव्या कोडकडे बोट दाखवतात. जुन्या यादीतलं काहीही खोडायचं नाही. जुनी बिलं जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये राहतात, आणि जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात, म्हणून ते सॉफ्टवेअर उघडता येईल असं ठेवावं लागतं. नव्यात फक्त साफ मास्टर आणि बदलाच्या रात्री मोजलेली शिल्लक जाते. सफाई सुरू झाल्यापासून त्या रात्रीपर्यंत नवा कोड उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे द्यावा, नाहीतर एका टोकाला साफ करताना दुसऱ्या टोकाला घाण वाढत राहते.

पहिल्या महिन्यात दर शनिवारी मायनस स्टॉकची यादी काढावी. त्यात एखादं नाव आलं, की त्याच आठवड्यात कोणाच्या हातून कोणता नवा कोड उघडला गेला तेवढं पाहावं. जोडी बहुधा तिथेच सापडते, आणि दोन-चार बिलांचीच दुरुस्ती करावी लागते.