साडेबारा की सव्वाबारा?

८ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, ही त्यामागची मुख्य चिंता. डिसेंबर २०२३मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनीही ती बोलून दाखवली होती.

एकाच सत्रात भरणाऱ्या शाळेला घंटा पुढे सरकवता येते. कोंडी होते ती दोन सत्रांच्या शाळेची. तिथे सकाळी प्राथमिकचे वर्ग, दुपारी माध्यमिकचे. खोल्या त्याच, बाकंही तीच. लहानांचं सत्र नऊला सुरू झालं, तर ते दोनपर्यंत चालणार. मग दुपारच्या मुलांनी बसायचं कुठे? अशा शाळेपुढे एक वाट उरते ती अदलाबदलीची : मोठे सकाळी, लहान दुपारी. शाळा सुरू होण्याआधीच्या सभेत हे सांगायचं काम मुख्याध्यापिकेवर येतं, आणि समोर मुलं, शिक्षक, पालक एकत्र बसलेले असतात.

आधी हिशोब पक्का हवा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन लागतं, म्हणजे रोज चार तास. पस्तीस मिनिटांच्या सात तासिका घेतल्या, तर २४५ मिनिटं होतात. परिपाठाची पंधरा, मोठ्या सुट्टीची तीस आणि छोट्या सुट्टीची दहा मिनिटं धरली की बरोबर पाच तास : साडेबारा ते साडेपाच. संध्याकाळी लवकर सोडण्यासाठी तासिका तीस मिनिटांची केली, तर रोजचे साडेतीन तासच राहतात. २०० दिवसांत १०० तास कमी पडतात आणि ते भरून काढायला सुमारे २९ दिवस जास्त शाळा भरवावी लागते. ‘अर्धा तास आधी सोडा ना’ या मागणीचं उत्तर या आकड्यात आहे, म्हणून तो मुख्याध्यापिकेच्या जिभेवर असायला हवा.

भाषण मात्र तीन मिनिटांचंच असावं. ते साधारण असं होईल :

“मुलांनो, सहकाऱ्यांनो आणि पालकहो, येत्या सोमवारपासून शाळेची वेळ बदलते आहे. पहिली ते चौथी दुपारी साडेबाराला भरेल, बारा तीसला, आणि साडेपाचला सुटेल. पाचवी ते दहावी सकाळी सहा पन्नासला भरेल आणि बाराला सुटेल. लहान मुलांना सकाळी पुरेशी झोप मिळावी, म्हणून शासनाने हा बदल करायला सांगितलं आहे. मोठ्या मुलांनो, त्यासाठी तुम्हाला लवकर उठावं लागणार आहे. हा त्रास आहे, हे मला ठाऊक आहे. पहिला महिना पहिल्या तासिकेला चाचणी होणार नाही. शिक्षकांच्या तासिका वाढणार नाहीत. पालकांनी रिक्षा आणि व्हॅनवाल्या काकांना नवी वेळ आजच सांगावी. मोठी मुलं मागच्या फाटकाने बाहेर पडतील, लहान पुढच्या फाटकाने आत येतील. महिन्याने आपण पुन्हा इथेच बसू आणि अडचणी ऐकू.”

यात वेळ सगळ्यात आधी आली आहे. शासन निर्णयाच्या तपशिलापासून सुरुवात केली, तर घड्याळाचे आकडे येईपर्यंत मागच्या रांगेतली मुलं गप्पांत रमलेली असतात. ‘बारा तीस’ हेही मुद्दाम आहे. ध्वनिक्षेपकावरून साडेबारा आणि सव्वाबारा यांत गफलत सहज होते, आणि मोबाइलवर वेळ पाहणाऱ्या अनेक मुलांना सव्वा-पाऊण चटकन उमगत नाही.

पण भाषणाचा कणा आहे तो मोठ्या मुलांना उद्देशून केलेला कबुलीचा भाग. वयात येताना शरीराचं घड्याळच मागे सरकतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला रात्री लवकर झोप येत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्ये याच वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नये, अशी शिफारस केली होती. म्हणजे धाकट्यांची झोप वाचवताना थोरल्यांची कापली जाते. ‘हा बदल सर्वांच्या भल्याचा’ असं म्हणणारी मुख्याध्यापिका नववीच्या वर्गाचा विश्वास त्या एका वाक्यात गमावते, कारण पहाटे साडेपाचला कोण उठणार हे त्या वर्गाला कळलेलं असतं. चाचणीची सवलत छोटी आहे. तिने झोप परत मिळत नाही, हेही खरं.

भाषण पोचलं का, हे तिथेच तपासता येतं. सभा संपल्यावर तिसरीतल्या एखाद्या मुलीला विचारावं, “सोमवारी किती वाजता यायचं आणि कुठल्या फाटकाने?” ती अडखळली, तर वेळ आणि फाटक दोन्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून फळा बाहेर ठेवावा. सोमवारी बारा ते साडेबारा या अर्ध्या तासात मुख्याध्यापिकेने कार्यालयात न बसता पुढच्या फाटकाशी उभं राहावं. जुन्या वेळेच्या सवयीने सकाळीच आलेली दोन-चार चिमुकली तोवर शिपाईमामांच्या खोलीत डबा उघडून बसलेली असतील.