चेहरा झाकला, नावही गाळलं. तरी गावाने ओळखलंच! वर्गाचं यश पोस्ट करताना नेमकं काय लपवायचं?

आपल्या वर्गात काहीतरी छान घडलं की शिक्षकांना ते जगाला सांगावंसं वाटतं. हल्ली बरेच शिक्षक पोस्ट टाकताना काळजीही घेतात. मुलांच्या चेहऱ्यावर स्मायली लावतात, नावं लिहीत नाहीत. पण एवढ्याने मूल अनोळखी होतं का? मोठ्या शहरातल्या शाळेत कदाचित होईल. छोट्या गावात मात्र होत नाही.

मुरूड तालुक्यातल्या काशीदचं उदाहरण घेऊ. किनारा प्रसिद्ध, पर्यटकांची वर्दळ मोठी, पण गाव लहान. समजा, तिथल्या एका प्राथमिक शिक्षकाने ही पोस्ट टाकली :

"माझ्या तिसरीच्या वर्गातली ही चिमुकली. वडिलांची किनाऱ्यावर शहाळ्यांची गाडी आहे. जूनमध्ये अक्षरओळख नव्हती, आज अख्खी गोष्ट वाचून दाखवली!"

सोबत मुलीचा पाठमोरा फोटो. चेहरा नाही, नाव नाही. (पोस्ट काल्पनिक आहे, पण अशा पोस्ट तुम्ही नक्की पाहिल्या असतील.)

मग ओळख कशी पटते?

एकेक तुकडा जोडून. शिक्षकाच्या प्रोफाइलवर शाळेचं नाव असतंच, म्हणजे गाव कळलं. इयत्ता पोस्टमध्येच आहे. तिसरीत समजा ११ मुलं आहेत आणि त्यात मुली ५. त्यातल्या शहाळेवाल्याची मुलगी किती? एकच. तीन साध्या माहितींवरून अख्ख्या गावाला ती कोण हे कळलं. "जूनमध्ये अक्षरओळख नव्हती" हेही आता गावभर झालं, आणि उद्या ती मोठी झाल्यावरही ते इंटरनेटवर सापडेल.

कायद्यालाही ही गोष्ट ठाऊक आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा पॉक्सो कायदा पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई करतो. ओळख कशाकशातून उघड होते, याची यादी त्याच्या कलम २३ मध्ये आहे. तिच्यात नाव आणि छायाचित्राबरोबर पत्ता, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि परिसरही आहे. हे कलम वेगळ्या, गंभीर प्रसंगासाठी आहे. पण यादी वर्गाच्या पोस्टसाठीही तपासून पाहण्यासारखी आहे.

"११ पैकी १० मुलं वाचू लागली" : यात काय चुकलं?

एका मुलाबद्दल न लिहिता वर्गाबद्दल लिहिणं चांगलंच. पण इथे एक फसगत आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानामुळे तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, यावर शाळांचा भर आहे. त्यामुळे "इतक्यांपैकी इतके" अशा पोस्ट खूप दिसतात. ११ पैकी १० म्हटलं की लोकांच्या मनात लगेच प्रश्न येतो : अकरावा कोण? वर्गातल्या मुलांना तो माहीत असतो, त्यांच्या घरच्यांना लवकरच कळतो. दहा जणांचं कौतुक अकराव्याची जाहीर बदनामी ठरतं.

याऐवजी सरासरी द्या. "ऑगस्टमध्ये आमचा वर्ग मिनिटाला सरासरी १८ शब्द वाचत होता, जानेवारीत ४१." प्रगती तितकीच दिसते, पण मागे कोण राहिलं ते दिसत नाही. याला एक मर्यादा आहे. वर्गात दोन-तीनच मुलं असतील तर सरासरीतूनही आकडे काढता येतात. अशा वेळी पहिली ते चौथीचा मिळून एकच आकडा द्यावा.

दुसरी फसगत प्रेरणादायी गोष्टींची. रायगडमध्ये अनेक कातकरी कुटुंबं दरवर्षी वीटभट्टीच्या कामासाठी स्थलांतर करतात. "भट्टीवरून परतलेला आमचा विद्यार्थी आज गणितात पहिला" ही ओळ वाचायला सुंदर आहे. पण तिच्यातून मुलाची जमात, घरची परिस्थिती आणि शाळेतली गैरहजेरी एकाच वेळी उघड होते. पोस्ट गाजली ती त्याच्या गरिबीमुळे, हे मुलाला पुढे कळतंच.

मग दाखवायचं काय?

मुलांऐवजी काम दाखवा. समजा, याच वर्गाने किनाऱ्यावर अर्धा तास कचरा मोजला. बाटल्या, झाकणं, वेष्टनं आणि जाळ्यांचे तुकडे वेगळे केले आणि वाळूत काठीने त्याचा स्तंभालेख काढला. वरून काढलेला त्या आलेखाचा फोटो, सोबत मुलांनी भरलेला तक्ता आणि "या कामातून आम्ही गटवारी आणि आलेख शिकलो" एवढं वाक्य. दुसऱ्या शिक्षकाला उपक्रम उचलायला हे पुरेसं आहे. एखाद्या मुलाचं वाक्य फारच छान असेल तर "वर्गातल्या एकाने म्हटलं" असं लिहा. मुलगा की मुलगी, हे सांगायची गरज नाही.

पोस्ट किनाऱ्यावरूनच टाकू नका. मुलं घरी पोहोचल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी टाका. म्हणजे मुलं आत्ता कुठे आहेत, हे कुणाला कळणार नाही.

फोटोत राहून जाणाऱ्या गोष्टी

फोटो मोठा करून कोपरे पाहा. वहीवरचं नाव, फळ्याशेजारचा वाढदिवसाचा तक्ता, खिडकीच्या काचेतलं प्रतिबिंब तिथे सापडतं.

चेहरा झाकायचाच असेल तर पूर्ण अपारदर्शक स्टिकर वापरा. फोनमधल्या हायलायटरचे काळे फराटे अर्धपारदर्शक असतात. फोटोची चमक वाढवली की खालचं दिसू शकतं. हलकं ब्लरही भरवशाचं नाही. काही फोन प्रत्येक फोटोबरोबर दोन-तीन सेकंदांचा व्हिडिओही साठवतात, तो बंद ठेवा. सगळं झाकून झालं की त्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच पोस्ट करा.

फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला, त्याची नोंदही असू शकते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवताना ही नोंद सहसा गळते. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. व्हिडिओत एकमेकांना मारलेल्या हाका ऐकू येतात, म्हणून मूळ आवाज काढून टाका.

सगळ्यात मोठी गळती मात्र कमेंटमध्ये होते. "अगं, ही तर आपली अमकी!" असं लिहून मावशी-काका पालकांना टॅग करतात. म्हणून कमेंट बंद ठेवा किंवा पहिल्या दिवशी लक्ष ठेवून नावं असलेल्या कमेंट लपवा.

पालकांची परवानगी असेल तर?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्याचा डेटा वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीची ही तरतूद त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहे. या कायद्यात वैयक्तिक डेटा म्हणजे ज्यावरून व्यक्ती ओळखता येते अशी माहिती. त्यामुळे "चेहरा दाखवला नाही" एवढं म्हणणं पुरेसं ठरेलच असं नाही.

शिवाय गावात शिक्षकाला "नको" म्हणणं पालकांना जड जातं. प्रवेशाच्या वेळी घेतलेली एक सही वर्षभराच्या फोटोंसाठी वापरू नका. पोस्ट आधी दाखवा, मग विचारा. मुलालाही विचारा.

पण मुलाला नाव हवं असेल तर?

ही अडचण खरी आहे. स्वतःच्या चित्राखाली नाव असावं, हा मुलाचा हक्कच आहे. ते नाव शाळेच्या भिंतीवरच्या चित्राखाली मोठ्या अक्षरात लिहा, परिपाठात घ्या, पालकसभेत सांगा. तिथे मुलाला ओळखणारी माणसं टाळ्या वाजवतात. इंटरनेटवर मात्र वर्गाचं काम जाऊ द्या.

पोस्ट करण्याआधी एक चाचणी करा. मजकूर आणि फोटो गावातल्या, पण शाळेशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला दाखवा आणि विचारा, "हे मूल कोण असेल?" त्याने पटकन घराचं नाव घेतलं, तर अजून काहीतरी गाळायचं राहिलं आहे.