बाटलीसोबतचा कागद

"मानेतली गाठ. टीबी?" एवढंच त्या कागदावर लिहिलेलं होतं. सोबत इंजेक्शनची रिकामी, अरुंद तोंडाची बाटली आणि तिच्यात दोन सेंटिमीटरची अख्खी गाठ. गाठ जेमतेम बुडेल इतकंच फॉर्मॅलिन. मुलीचे वडील ती बाटली घेऊन एसटीने आले होते. मधे रविवार आल्यामुळे दोन दिवस ती त्यांच्या घरीच होती. गाठ आत गेली तेव्हा मऊ होती, फॉर्मॅलिनमध्ये ती टणक झाली. बाहेर काढायला आम्हाला बाटली फोडावी लागली.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शरीरातून काढलेला तुकडा माझ्याकडे येतो, तो मेणात बसवून त्याचे केसाहूनही कितीतरी पातळ काप घेतले जातात, रंगवले जातात आणि मी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. रक्तातली साखर मोजताना यंत्राला रुग्णाचं वय ठाऊक नसलं तरी आकडा तोच येतो. तुकड्याचं तसं नसतं. शरीराकडे आजाराला उत्तर देण्याच्या तऱ्हा मोजक्या आहेत आणि आजार शेकडो. दोन अगदी वेगळे आजार काचेवर सख्ख्या बहिणींसारखे दिसतात. त्यांना वेगळं करायला जी माहिती लागते ती पेशींमध्ये नसते. ती त्या कागदावर असायला हवी. त्याला आम्ही रिक्विझिशन फॉर्म म्हणतो.

ही मुलगी २४ वर्षांची. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) काचेवर गाठीची कड बरी दिसत होती. मध्यभागी मात्र फिकट गुलाबी, पेशींच्या आकृती पुसट झालेला भाग होता. तिथल्या पेशी मेलेल्या होत्या, एवढं नक्की. पण त्या मुलीच्या शरीरात असताना आजाराने मेल्या, की बाटलीत फॉर्मॅलिन आतपर्यंत न पोचल्यामुळे कुजल्या? सगळं निदान या एका प्रश्नावर अडलं होतं आणि काच त्याचं उत्तर देईना.

असं का झालं हे समजायला फॉर्मॅलिनचा स्वभाव पाहावा लागतो. १८९३ साली फ्रँकफर्टमध्ये फर्डिनांड ब्लूम हे डॉक्टर फॉर्मॅल्डिहाइडचा जंतुनाशक म्हणून अभ्यास करत होते. काम करता करता आपल्याच बोटांची कातडी कडक झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून ऊती टिकवण्याची ही रीत निघाली. तुकडा शरीरातून निघाला की रक्तपुरवठा तुटतो आणि पेशींमधलीच पाचक द्रव्यं त्यांना आतून विरघळवू लागतात. फॉर्मॅलिन पेशींमधली प्रथिनं एकमेकांना बांधून ठेवतं आणि हे विरघळणं थांबवतं. पण ते हळू चालतं. सुरुवातीला ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर आणि जितकं खोल जावं तितकं आणखी सावकाश. दोन सेंटिमीटरच्या अख्ख्या गाठीत, वरून टणक आवरण असताना, मध्यापर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागतो. तोवर आतलं कुजून गेलेलं असतं. म्हणून अशी गाठ आधी उभी चिरायची, मग बुडवायची.

फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट हवं, वीसपट असेल तर उत्तम. थोडं असेल तर त्यातलं औषध ऊतीच खाऊन टाकते आणि उरतं ते जवळपास पाणी. बाजारात मिळणारं तीव्र फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, हे नेहमीचं प्रमाण. त्यात आम्लता वाढू नये म्हणून फॉस्फेटचे क्षार घालतात. काही ठिकाणी 'कडक असेल तर जास्त चांगलं टिकेल' असं समजून तीव्र द्रावणच ओततात. त्याने वरचा थर दगडासारखा होतो आणि आतलं तसंच राहतं. बाटली फ्रीजरमध्ये ठेवणं त्याहून वाईट, कारण बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

मी काचा बाजूला ठेवल्या आणि शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनना फोन केला. चांगले डॉक्टर आहेत, दिवसाला तीस-चाळीस रुग्ण तपासणारे. पाच मिनिटांत त्यांनी जे सांगितलं त्यातलं काहीच कागदावर नव्हतं. मुलीला तीन आठवडे ताप होता. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ. पांढऱ्या पेशी थोड्या कमी. गाठी मानेच्या डाव्या बाजूला, मागच्या अंगाला, दाबल्यावर दुखणाऱ्या. अजून दोन शिल्लक. घरात कुणाला क्षय नाही. आणि अहवालाची वाट पाहत क्षयाचा सहा महिन्यांचा उपचार सुरू करायचं ठरत होतं.

तरुण बाई, ताप, मानेच्या मागच्या बाजूची दुखरी गाठ, कमी पांढऱ्या पेशी. हे चार तुकडे जुळले की आमच्या डोक्यात एक नाव येतं: किकुची. १९७२ साली जपानमध्ये किकुची आणि फुजिमोतो यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेला हा आजार. यात गाठीतल्या पेशी ठिकठिकाणी मरतात, त्यांच्या केंद्रकांचा चुरा होतो आणि बाजूला मोठाल्या पेशी जमतात. अनुभवी डोळ्यालाही तो कधी क्षय वाटतो, कधी लिम्फोमा म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर वाटतो. प्रत्यक्षात तो बहुतेकांमध्ये काही महिन्यांत आपोआप बरा होतो. त्याच्यासारखंच चित्र ल्युपस या आजारातही दिसतं, त्यामुळे एएनए ही रक्ततपासणी करावी लागते. माझ्यासमोरच्या काचेवर मात्र मेलेला भाग आजाराचा की बाटलीचा, हेच सांगता येत नव्हतं. क्षयाचे जंतू रंगवून पाहिले, दिसले नाहीत. पण मानेच्या गाठीत ते इतके थोडे असतात की न दिसण्याने काही सिद्ध होत नाही. जंतू वाढवून पाहावेत तर अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेलेली, आणि फॉर्मॅलिन जंतूंना मारतं.

दुसरी गाठ काढावी लागली. त्या मुलीच्या मानेवर आता दोन व्रण आहेत.

या वेळी आम्ही दोघांनी आधी बोलून घेतलं. गाठ निघाल्याबरोबर सर्जननी ती उभी चिरली. एक अर्धी निर्जंतुक डबीत थोड्या सलाईनमध्ये, क्षयाच्या सीबीनॅट आणि कल्चर तपासणीसाठी, लगेच रवाना. दुसरी अर्धी रुंद तोंडाच्या डबीत भरपूर फॉर्मॅलिनमध्ये. या दोघींची अदलाबदल झाली तर दोन्ही तपासण्या जातात, कारण सलाईन तुकडा टिकवत नाही, नुसता ओला ठेवतं. डब्यांवर नाव, नोंदणी क्रमांक आणि 'फॉर्मॅलिन' किंवा 'सलाईन' असं लिहिलेलं, तेही डबीच्या अंगावर. झाकणं टेबलावर एकमेकांशी बदलतात, अंग बदलत नाही.

आणि कागद. तो इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा:

"स्त्री, २४ वर्षं. तीन आठवडे ताप, वजनात घट नाही. डाव्या मानेच्या मागच्या त्रिकोणात तीन दुखऱ्या गाठी, सर्वांत मोठी दोन सेंटिमीटर. काखेत, जांघेत गाठी नाहीत. यकृत-प्लीहा हाताला लागत नाहीत. पांढऱ्या पेशी कमी. दोन अँटिबायोटिक झाली. स्टेरॉइड, क्षयाची औषधं, फिटची औषधं घेतलेली नाहीत. आधीची बायॉप्सी तुमच्याकडेच, तिचा क्रमांक अमुक. पाठवलेलं: डाव्या मानेची पूर्ण गाठ, उभी चिरून अर्धी. काढली सकाळी ११.१०, फॉर्मॅलिनमध्ये ११.१५. शंका: किकुची, क्षय, लिम्फोमा. कल्चरसाठी वेगळा भाग पाठवला आहे."

लिहायला चार मिनिटं लागली असतील. यातलं प्रत्येक वाक्य मी काच पाहताना वापरलं. स्टेरॉइडचंच पाहा. तापावर कुणी आठवडाभर स्टेरॉइड दिलं असेल तर लिम्फोमाची गाठ आटते, त्यातल्या पेशी मरतात आणि निदान हातातून निसटतं. फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या गाठी कधी कधी हुबेहूब लिम्फोमासारख्या सुजतात आणि गोळी बदलली की ओसरतात. कागदावर गोळीचं नाव नसेल तर मी त्या माणसाला कॅन्सरच्या दारात नेऊन उभं करू शकते.

जागेचं महत्त्व तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. पायाला काटा रुतला की जांघेत अवधाण येतं, हे त्या अचूक सांगत. गाठ आपल्या हद्दीतली तक्रार सांगत असते. बाळाच्या डाव्या काखेतली गाठ म्हटली की मी आधी बीसीजीचा विचार करते, कारण ती लस आपल्याकडे डाव्या दंडावर देतात. जबड्याखालची गाठ तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या साठीच्या माणसात तोंड आणि घसा तपासायला लावते. डाव्या गळपट्टीच्या हाडावरची गाठ थेट पोटाकडे, जठराच्या कॅन्सरकडे बोट दाखवू शकते. कागदावर नुसतं 'नोड' लिहिलं की हे सगळे रस्ते बंद होतात. डावं-उजवं न लिहिणं ही चूक तर मला अजिबात किरकोळ वाटत नाही.

माझे काही सहकारी म्हणतात की आधी काच कोरी नजरेने पाहावी, कागद नंतर वाचावा; माहितीने डोळा एका बाजूला झुकतो. पहिल्या नजरेपुरतं ते मला मान्य आहे. पण अहवालावर सही करण्यापूर्वी कागद वाचलाच पाहिजे आणि वाचण्यासारखा असलाही पाहिजे. तो तसा नसतो तेव्हा अहवालाच्या तळाशी 'क्लिनिकल माहितीशी पडताळून पाहावे' हे वाक्य येतं. नातेवाईक ते वाचून गोंधळतात. त्याचा साधा अर्थ असा की मला दोन-तीन शक्यता दिसतात आणि त्यांतली एक निवडायला लागणारी माहिती माझ्यापर्यंत आलेली नाही.

दुसऱ्या गाठीच्या काचेवर मध्यभाग स्वच्छ टिकला होता. केंद्रकांचा चुरा, चंद्रकोरीसारख्या केंद्रकांच्या पेशी, पू करणाऱ्या पेशी जवळपास नाहीतच. किकुची. सीबीनॅट निगेटिव्ह आलं, एएनए निगेटिव्ह आली, सहा आठवड्यांनी कल्चरही कोरं आलं. क्षयाची एकही गोळी तिला घ्यावी लागली नाही. तोवर ताप गेलेला होता आणि उरलेली गाठ बोटाला लागत नव्हती. तरीही वर्षभर अधूनमधून दाखवून जायला सांगितलं, कारण काही जणांत हा आजार पुन्हा डोकावतो आणि काहींत पुढे ल्युपस दिसतो.

आपल्याकडे बाटली बहुधा नातेवाइकाच्याच हाती दिली जाते. तुमच्या हाती आली तर निघण्यापूर्वी सोबतचा कागद उलगडून वाचा. डावी बाजू की उजवी, ताप किती दिवस, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आधी कधी बायॉप्सी झाली होती का, यातलं काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे सिस्टरना किंवा डॉक्टरांना लिहायला सांगा. आणि बाटली त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवा.