पोट सुटलं की छाती जळते

पेडणे असो वा डिचोली, रात्री उशिरा नुस्त्याच्या हुमणाबरोबर भरपेट शीत झालं की जळजळीचं खापर तिखटावर फुटतं. खरा दोषी बऱ्याचदा कमरेच्या पट्ट्याआड असतो.

पोटातली चरबी जठरावर दाब टाकते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप त्या दाबापुढे हरते आणि आम्ल वर चढतं. जेवून लगेच आडवं झालं तर जास्तच.

अमेरिकेतल्या परिचारिकांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बोलका आहे. ज्यांचा बॉडी मास इंडेक्स साडेतीनपेक्षा जास्त उतरला, त्यांच्यात वारंवारच्या जळजळीची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसली. पाच फूट तीन इंच उंचीच्या, ७५ किलोच्या बाईसाठी हे नऊएक किलो झाले. उलट, सडपातळ बायकांचंही वजन वाढलं तेव्हा त्रास वाढला होता.

घास अडकत असेल किंवा वजन आपोआप घटत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.