बावीस हजारांची ओळ

ऑगस्टच्या पगारासोबत जुलैचं इन्सेन्टिव्ह स्टेटमेंट निघालं आणि त्याच संध्याकाळी सातारा-कराड भाग सांभाळणाऱ्या आमच्या विक्री प्रतिनिधीचा फोन आला. "सर, हिशोबात मोठी गडबड आहे. माझे अडतीस हजार व्हायला पाहिजेत आणि आलेत फक्त पंधरा." आवाजात राग होता, त्याहून जास्त दुःख होतं. जुलैच्या पावसात त्याने दुकानं पालथी घातली होती, ते मी पाहिलं होतं. वायर, स्विच, पंखे विकणाऱ्या एका कंपनीत मी तेव्हा एरिया मॅनेजर होतो. अशी स्टेटमेंट माझ्या हातून दर महिन्याला जायची.

मी त्याला एवढंच सांगितलं की आज कोणालाही मेल करू नकोस, रविवारी डायरी घेऊन घरी ये. रागाच्या भरात लिहिलेल्या मेलमध्ये "माझं इन्सेन्टिव्ह चुकलंय" एवढंच असतं. अकाउंट्सचा माणूस आपल्या शीटमधली बेरीज पुन्हा तपासतो, ती बरोबर निघते आणि "कॅल्क्युलेशन बरोबर आहे" असं उत्तर येतं. तो खोटं बोलत नसतो. कॉम्प्युटर बेरीज-गुणाकारात सहसा चुकत नाही. चूक असते ती त्या गुणाकारात कोणती रक्कम घातली यात.

आमची योजना अशी होती. महिन्याचं टार्गेट ४० लाख रुपये. विक्री त्याच्या ९० टक्क्यांच्या खाली राहिली तर काही नाही. ९० ते १०० टक्क्यांच्या आत असेल तर विक्रीच्या ०.४ टक्के, १०० टक्के गाठले की ०.६ टक्के आणि ११० टक्क्यांपासून पुढे ०.८ टक्के. यात एक मेख आहे. आयकरात वरचा दर फक्त वरच्या टप्प्यातल्या रकमेला लागतो. आमच्या योजनेत तो पहिल्या रुपयापासून सगळ्या विक्रीला लागायचा. त्यामुळे टप्प्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला दहा-वीस हजारांच्या विक्रीने हजारो रुपयांचा फरक पडू शकतो. सगळ्या कंपन्यांत असं नसतं. काही ठिकाणी दर आयकरासारखाच टप्प्याटप्प्याने लागतो. म्हणून योजनेच्या परिपत्रकात दर 'एकूण विक्रीवर' आहे की 'टार्गेटच्या वरच्या विक्रीवर', हे सगळ्यात आधी वाचावं लागतं.

रविवारी तो आला. डायरीत जुलैची सत्तावीस बिलं नीट लिहिलेली होती, बेरीज ४८,६१,६०० रुपये. टार्गेटच्या १२१ टक्के. त्याला ०.८ टक्के लावून त्याने ३८,८९३ रुपये काढले होते. स्टेटमेंटवर मात्र विक्री ३८,९६,००० रुपये, म्हणजे ९७.४ टक्के, आणि इन्सेन्टिव्ह १५,५८४ रुपये.

पहिली चूक त्याचीच निघाली. दुकानदाराशी बोलताना बिलाचा आकडा नेहमी जीएसटीसकट बोलला जातो, कारण चेक तेवढ्याचा निघतो. डायरीत तोच आकडा चढतो. परिपत्रकात मात्र विक्री म्हणजे कर वगळून बिलाची रक्कम, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आमच्या सगळ्या मालावर १८ टक्के कर होता, म्हणून बेरजेला १.१८ ने भागलं. आले ४१,२०,०००. टार्गेटच्या १०३ टक्के, आणि त्या हिशोबाने इन्सेन्टिव्ह २४,७२०. अडतीस हजारांचे चोवीस झाले. तो गप्प झाला. पण आता त्याचा आकडा आणि कंपनीचा आकडा एका भाषेत बोलत होते, आणि दोन्हींतलं अंतर मोजता येत होतं: २,२४,००० रुपये.

हे अंतर शोधायला स्टेटमेंटचा तो एक कागद कामाचा नाही. त्यामागची बिलवार यादी मागावी लागते, ज्यात बिल नंबर, तारीख, डीलर कोड आणि रक्कम असते. ती मागायला संकोच वाटू नये. ती प्रत्येक अकाउंट्स विभागाकडे असते, नाहीतर स्टेटमेंट निघालंच नसतं. सोमवारी ती मिळाली. डायरी आणि यादी शेजारी ठेवून आम्ही बिल नंबरने एकेक ओळ जुळवली. रकमेने जुळवू नये, कारण एकाच रकमेची दोन बिलं असू शकतात. सव्वीस बिलं जुळली. एक बिल यादीत नव्हतं, आणि डायरीत नसलेल्या दोन उणे ओळी यादीत होत्या.

नसलेलं बिल फलटणच्या डीलरचं होतं, १,१४,००० रुपयांचं. तारीख ३१ जुलै. त्याचा सगळा राग या बिलावर एकवटला. "सर, बिल ३१ तारखेचं आहे, हे बघा." बिलावर तारीख खरंच तीच होती. पण महाराष्ट्रात एका गावाहून दुसऱ्या गावी लाखाहून जास्त किमतीचा माल न्यायचा तर ई-वे बिल लागतं, आणि या मालाचं ई-वे बिल २ ऑगस्टला निघालं होतं. पुण्याच्या डेपोत ३१ तारखेला गाडी मिळाली नव्हती. परिपत्रकाची अट होती की बिल त्याच महिन्यात डेपोतून रवाना झालेलं असावं. अट मनमानी नाही. माल गोदामातच पडून असताना नुसतं बिल फाडून विक्री दाखवता येऊ नये, म्हणून हिशोबतपासणीतही महिनाअखेरची बिलं अशीच पाहिली जातात. म्हणजे इथे कंपनी बरोबर होती. ते १,१४,००० ऑगस्टचे होते. जुलैत ओढले असते तर ऑगस्टमधून गेले असते.

पहिली उणे ओळ ८८,००० रुपयांच्या क्रेडिट नोटची, कराडच्या डीलरच्या नावावर परत आलेल्या मालाची. आम्ही त्या दुकानदारांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, मी जुलैत एक स्विचसुद्धा परत पाठवलेला नाही." त्यांनी खातेउतारा काढला, तर जीएसटीसकट १,०३,८४० रुपये त्यांच्या खात्यात जमा दिसत होते. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर असतो. तो नंबर शोधला तेव्हा उलगडा झाला. त्याच नावाचं एक दुकान सांगली जिल्ह्यात विट्याला होतं, माल तिथून परत आला होता, आणि नोंद करताना कोड कराडचा पडला होता. ही चूक एकट्या इन्सेन्टिव्हची नव्हती. जीएसटीच्या विवरणातही ती भलत्याच दुकानदाराच्या नावावर गेली होती. त्यामुळे कंपनीला ती दुरुस्त करावीच लागणार होती.

त्याचा चेहरा उजळला. मी त्याला हिशोब करायला सांगितलं. ३८,९६,००० मध्ये ८८,००० मिळवले की ३९,८४,०००. टार्गेटच्या ९९.६ टक्के. टप्पा तोच, दर तोच, इन्सेन्टिव्ह १५,९३६. अठ्ठ्याऐंशी हजारांची चूक सापडली आणि पदरात पडणार होते ३५२ रुपये.

राहिली दुसरी ओळ, २२,००० रुपयांची. एवढ्या छोट्या रकमेकडे त्याने पाहिलंही नव्हतं. तीही क्रेडिट नोटच होती, पण वेगळ्या जातीची. परत आलेल्या मालाच्या नोटवर किती नग आले ते असतं, मालाचा एचएसएन कोड असतो आणि जीएसटी उलटा फिरवलेला असतो. या नोटवर नग नव्हते, कर नव्हता. डीलरने वेळेआधी पैसे भरले म्हणून दिलेली ती सूट होती, बाजारात जिला सीडी म्हणतात. परिपत्रकातलं वाक्य होतं: परत आलेला माल विक्रीतून वजा होईल, सीडी आणि रेट डिफरन्स वजा होणार नाहीत. या वाक्यामागेही विचार आहे. डीलरने लवकर पैसे भरावेत म्हणून प्रतिनिधीच त्याच्या मागे लागतो. त्याबद्दल मिळालेली सूट प्रतिनिधीच्याच विक्रीतून कापली, तर वसुली करणाऱ्यालाच दंड बसतो. पण अहवाल काढणाऱ्याने सगळ्या क्रेडिट नोटा सरसकट उचलल्या होत्या.

३९,८४,००० अधिक २२,००० म्हणजे ४०,०६,०००. टार्गेटच्या १०० टक्क्यांच्या सहा हजार रुपये वर. दर ०.६ टक्के, इन्सेन्टिव्ह २४,०३६. अठ्ठ्याऐंशी हजारांनी ३५२ रुपये दिले होते, बावीस हजारांनी ८,१०० दिले. आणि दोन्हींतली एकही दुरुस्ती एकटी पुरेशी नव्हती, कारण एकट्या बावीस हजारांनीही टप्पा ओलांडला नसता.

मग मेल लिहिला. त्यात मेहनतीचा, पावसाचा, अन्यायाचा उल्लेख नव्हता. तो साधारण असा होता:

"जुलैच्या स्टेटमेंटमधल्या दोन नोंदी तपासाव्यात ही विनंती. एक, ८८,००० रुपयांची क्रेडिट नोट विट्याच्या बिलाविरुद्ध आहे, पण कराडच्या कोडवर पडली आहे. मूळ बिल आणि कराडच्या डीलरचा खातेउतारा जोडला आहे. दोन, २२,००० रुपयांची क्रेडिट नोट सीडीची आहे, आणि परिपत्रकाच्या चौथ्या कलमानुसार ती वजा होत नाही. या दुरुस्तीनंतर विक्री ४०,०६,००० आणि इन्सेन्टिव्ह २४,०३६ होतं. फरक ८,४५२ रुपये. ३१ जुलैचं फलटणचं बिल ऑगस्टमध्ये धरलं जावं."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. महिन्याच्या काठावरचं बिल जुलैतून वगळलं जातं आणि ऑगस्टच्या अहवालात तारीख ३१ जुलै म्हणून तिथेही येत नाही. दोन्ही महिन्यांच्या मधल्या फटीत हरवलेली अशी बिलं मी पाहिली आहेत.

मेल मुदतीत जाणं गरजेचं होतं. आमच्याकडे हरकतीला पंधरा दिवस असायचे, त्यानंतर महिना बंद. परिपत्रकाच्या तळाशी 'व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम' ही ओळही होतीच. तिच्यामुळे योजनेचा अर्थ लावताना वाद झाला तर प्रतिनिधीची बाजू दुबळी पडते, हे खरं आहे. पण इथे अर्थाचा वाद नव्हता. दोन नोंदींपैकी एक कोडाची होती आणि दुसरी परिपत्रकातल्या सरळ वाक्याची. अकाउंट्समधल्या ताईंनी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं की दोन्ही मान्य आहेत, आणि सीडीची चूक सगळ्याच विभागांत झाली असल्याने सर्वांचा जुलै पुन्हा काढत आहोत.

सप्टेंबरच्या पगारात 'इन्सेन्टिव्ह फरक, जुलै' अशी ओळ आली. हातात ८,४५२ पेक्षा कमी पडले, तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला. ती चूक नव्हती. इन्सेन्टिव्ह पगाराचाच भाग असतो, त्यावर टीडीएस कापला जातो, म्हणून जुळवायची ती पगारपत्रकातली कापणीपूर्वीची रक्कम. त्याने पाहिलं, जुळली. मग ऑगस्टची बिलवार यादी उघडली. फलटणचं बिल पहिल्याच ओळीत होतं.