केअर प्लॅन घेताना काय विचारावं

देवगडचा एखादा आंबा बागायतदार डोळ्यासमोर आणा. पुण्यातल्या फ्रीलान्स डेव्हलपरने त्याला वर्डप्रेसवर वेबसाइट करून दिली, वूकॉमर्स बसवलं आणि हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकल्या जाऊ लागल्या. हिशेब चुकता झाला की काम संपलं, असं दोघांनाही वाटतं. पण वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन यांच्या नव्या आवृत्त्या सतत येत राहतात आणि त्यांतल्या कित्येक सुरक्षेतलं भगदाड बुजवण्यासाठी असतात. सप्टेंबर 2020 मध्ये ‘फाइल मॅनेजर’ नावाच्या प्लगइनमध्ये असं भगदाड सापडलं. ते प्लगइन तेव्हा सात लाखांहून जास्त साइट्सवर होतं आणि दुरुस्ती येण्याआधीच हल्ले सुरू झाले होते. म्हणून डेव्हलपर दरमहा ठरावीक रकमेत साइटची देखभाल करतो. लिफ्टची एएमसी असते तसाच हा प्रकार. याला केअर प्लॅन म्हणतात.

अपडेटचं बटण कुणालाही दाबता येतं. पैसे असतात ते दाबण्याआधीच्या आणि नंतरच्या कामाचे. आधी बॅकअप घ्यायचा, मग साइटच्या चाचणी प्रतीवर अपडेट करून एक खोटी ऑर्डर शेवटपर्यंत देऊन बघायची आणि नंतरच खऱ्या साइटला हात लावायचा. प्लगइन एकेक करून अपडेट केले तर बिघाड कशामुळे झाला ते लगेच कळतं. एप्रिल-मे हा आंब्याचा हंगाम. तेवढे दोन महिने फक्त सुरक्षेचे अपडेट करावेत, बाकीचे पावसाळ्यावर ढकलावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी परीक्षा बॅकअपची असते. समजा, बॅकअप रोज पहाटे दोनला होतो. दुपारी चारला एक प्लगइन अपडेट केलं आणि पैसे भरायचं पान बंद पडलं. घाबरून पहाटेचा अख्खा बॅकअप परत चढवला, तर साइट चालू होईल. पण पहाटे दोन ते दुपारी चार या वेळात आलेल्या ऑर्डरी डेटाबेसमधून पुसल्या जातील. ग्राहकांचे पैसे जमा झालेले असतील, पेटी कुणाला पाठवायची ते मात्र साइटवर सापडणार नाही. अशा वेळी डेटाबेसला हात न लावता फक्त त्या प्लगइनचं जुनं फोल्डर परत ठेवायचं असतं. तेही दर वेळी पुरत नाही, कारण काही अपडेट डेटाबेसची रचनाच बदलतात. म्हणून अपडेटच्या आधी काही मिनिटं वेगळा बॅकअप हवाच, आणि हंगामात डेटाबेसचा बॅकअप दर तासाला हवा. तो साइटच्याच सर्व्हरवर ठेवला असेल तर सर्व्हर गेला की बॅकअपही गेला. तीन महिन्यांतून एकदा तो दुसरीकडे चढवून साइट खरंच उभी राहते का, हेही बघावं लागतं.

साइट चालू आहे की नाही हे बघणारी सेवा साधारण दर पाच मिनिटांनी पान मागते आणि उत्तर आलं नाही तर डेव्हलपरला संदेश पाठवते. यात एक फसगत आहे. मुख्यपान व्यवस्थित उघडतं, सेवा समाधानी असते, आणि तिकडे पैसे भरायचं पान सकाळपासून बंद असतं. म्हणून त्या पानावरचा एखादा ठरावीक मजकूर दिसतो का, हेही तपासायला लावावं. भर हंगामात दोन-तीन तास एकही ऑर्डर आली नाही, तर स्वतः एक ऑर्डर देऊन बघावी. शिवाय तपासणी चोवीस तास चालते, माणूस नाही. ‘कामाच्या वेळेत चार तासांत दखल घेऊ’ असं डेव्हलपर लिहून देऊ शकतो. ‘चार तासांत साइट चालू करू’ असं देऊ शकत नाही, कारण होस्टिंग कंपनीचा सर्व्हर त्याच्या हातात नसतो.

भांडणं होतात ती न लिहिलेल्या गोष्टींवरून. नवं पान, डिझाइनमधला बदल, ईमेल न जाणं, होस्टिंग आणि डोमेनचं बिल, विकत घेतलेल्या प्लगइनचं वार्षिक शुल्क, मालकाच्या भाच्याने ॲडमिनमध्ये शिरून केलेला घोळ: हे बहुतेक प्लॅनमध्ये येत नाही. पेटीचा भाव बदलण्यासारखं किरकोळ काम महिन्याला अर्धा तास धरलेलं असेल, तर न वापरलेला वेळ पुढच्या महिन्यात जमा होतो का, तेही लिहावं. साइट हॅक झाली तर सफाई प्लॅनमध्ये आहे की वेगळ्या दराने, हे तर शब्दांत हवंच, कारण त्यात दिवसच्या दिवस जातात.

बागायतदाराला एवढंच सांगणं आहे: डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या नावावर ठेवा, आणि प्लॅन थांबवल्यावर शेवटचा बॅकअप आणि सगळे पासवर्ड किती दिवसांत मिळतील, हे सही करण्याआधी करारात लिहून घ्या.