कारखान्याचा पत्रव्यवहार – लेख ७ : प्लेसमेंट सेलला पत्र

कॉलेजला कॅम्पससाठी पत्र लिहायचं म्हटलं की बहुतेक लहान-मध्यम कारखाने पहिलं पान स्वतःवरच खर्च करतात. स्थापना कधीची, आयएसओ कधी मिळालं, मोठे ग्राहक कोण. टीपीओ सर तेही वाचतात, पण त्यांना खरी घाई असते ती नोटिशीची. तुमच्या पत्रावरून त्यांना विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मजकूर टाकायचा असतो. काम, ठिकाण, पात्रता, पगार, निवड आणि तारीख यांतलं एक जरी राहिलं तरी फोनाफोनी सुरू होते आणि तुमची तारीख मागे पडते.

समजा, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग मशीनिंग करणारा कारखाना आहे आणि त्याला सहा मेकॅनिकल इंजिनिअर हवे आहेत. ‘जीईटी – 6 जागा’ एवढंच लिहिलं, तर निम्मी मुलं डिझाइनच्या टेबलाची स्वप्नं बघत येतील. त्यापेक्षा असं लिहावं : ‘प्रॉडक्शन 4 जागा : सीएनसी आणि व्हीएमसी लाइनवर शिफ्ट सांभाळणे, तीन पाळ्या, पहिले सहा महिने शॉप फ्लोअरवर प्रशिक्षण. क्वालिटी 2 जागा : तपासणी आणि ग्राहकांच्या तक्रारींचा पाठपुरावा, जनरल शिफ्ट.’ तीन पाळ्या वाचून काही मुलं नाव देणार नाहीत. ती ऑगस्टमध्ये रुजू होऊन दिवाळीत सोडून जाण्यापेक्षा हे परवडलं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पात्रतेच्या ओळीत. ‘दहावी, बारावी आणि बीई, सगळीकडे 60 टक्के’ ही ओळ एका पत्रातून दुसऱ्या पत्रात जशीच्या तशी उतरत आलेली असते. पण आपल्याकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं इंजिनिअरिंगच्या वर्गात बरीच असतात. त्यांच्याकडे बारावीची मार्कशीटच नसते. यादी ऑनलाइन फॉर्ममधून निघाली, तर बारावीचा रकाना रिकामा दिसला की ही मुलं बाहेर पडतात. गंमत अशी, की डिप्लोमाच्या वर्कशॉपात मशीनला हात लावलेली हीच मुलं तुमच्या शॉप फ्लोअरला हवी असतात. उपाय तीन शब्दांचा आहे : ‘बारावी किंवा डिप्लोमा’.

एटीकेटीचंही तसंच. ‘बॅकलॉग चालणार नाही’ म्हणजे आज एखादा विषय राहिलेला नको, की कधीच राहिलेला नको? पहिल्या वर्षी गणित राहिलं आणि पुढच्या परीक्षेत सुटलं, तो मुलगा बसू शकतो का, हे टीपीओंनी ठरवायचं नसतं. ‘मुलाखतीच्या दिवशी एकही विषय बाकी नसावा, आधी सुटलेले चालतील’ असं सरळ लिहा. सीजीपीएचे टक्के करण्याची पद्धत विद्यापीठागणिक वेगळी असते, म्हणून ‘विद्यापीठाच्या सूत्राप्रमाणे’ हेही जोडा.

पगाराचा आकडा सीटीसीत देण्याची रीत आहे. द्या, पण खाली हातात येणारी रक्कमही लिहा. सीटीसी 3.60 लाख, म्हणजे महिना 30,000, आणि बेसिक 15,000 धरू. त्यातून कंपनीचा पीएफ 1,800 आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे 720 आधीच बाजूला जाते. मग मुलाचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात उरतात साडेपंचवीस हजारांच्या आसपास. हे मुलाला पहिल्या पगाराच्या दिवशी कळलं, तर घरून पहिला फोन टीपीओंना जातो आणि पुढच्या वर्षी तुमचं पत्र तळाला राहतं. बाँड असेल तर त्याची मुदत आणि रक्कमही इथेच लिहायची, ऑफर लेटरमध्ये पहिल्यांदा नाही.

निवडीचे टप्पे लिहिण्याआधी घड्याळ मांडून पाहावं. लेखी परीक्षेनंतर 40 मुलं उरली आणि प्रत्येकाला 20 मिनिटं दिली, तर एका पॅनेलला 13 तासांहून जास्त लागतात. दोन पॅनेल असतील तर सुमारे पावणेसात तास, म्हणजे सकाळी कंपनीची माहिती आणि लेखी परीक्षा धरली की रात्र होणारच. म्हणून लेखी परीक्षा आदल्या दिवशी ठेवा, किंवा पुढे 20च मुलं घ्या. पत्रात पॅनेलांपुरत्या खोल्या मागा आणि परीक्षा कागदावर की संगणकावर, निकाल कधी लावणार, हेही सांगून टाका. निकाल त्याच संध्याकाळी लावलेला बरा. अनेक कॉलेजांत एक नोकरी मिळालेल्या मुलाला पुढच्या कंपनीला बसू देत नाहीत, त्यामुळे तुमचा निकाल अडला की मुलांचंही अडतं.

पत्र केव्हा पाठवायचं? शेवटच्या वर्षाचं सातवं सत्र सुरू होण्याआधी, साधारण जूनमध्ये. दिवाळीनंतर पाठवलंत तर बरीचशी चांगली मुलं आधीच ठरलेली असतात. तारखा दोन सुचवा, सही अधिकार असलेल्या माणसाची घ्या आणि मोबाइल नंबर उचलणाऱ्याचा द्या.

पुढच्या आठवड्यात ऑफर लेटर.